उशिरा आलेल्या मालाची पेनल्टी: २१,७१२ रुपयांचे ५,०६० कसे झाले

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या खरेदी विभागात हे पत्र पहिल्यांदा माझ्या समोर आलं. खरेदी सांभाळणाऱ्या बाईंनी ते तयार केलं होतं आणि पाठवण्याआधी मी एकदा वाचावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती. पत्र चार ओळींचं होतं. "आपण माल पाच आठवडे उशिरा दिला आहे. सबब पर्चेस ऑर्डरमधील अटीनुसार आपल्या बिलातून रुपये २१,७१२ कापून घेण्यात येत आहेत. कळावे." एवढंच.

मी म्हटलं, "बाई, हा आकडा आला कुठून?"

"सर, ऑर्डर आठ लाख अडुसष्ट हजार चारशे ऐंशीची. आठवड्याला अर्धा टक्का. पाच आठवड्यांचे अडीच टक्के."

गुणाकार बरोबर होता. तरीही हे पत्र माल पुरवणाऱ्या गोकुळ शिरगावच्या फौंड्रीच्या मालकांच्या हातात पडलं असतं तर भांडण ठरलेलं होतं, आणि त्या भांडणात आमची बाजू पडली असती. दोन दिवस कागद काढून बसल्यावर तोच आकडा ५,०६० वर आला. मधले सोळा-सतरा हजार कुठे आणि का गळाले, ते सांगितलं की असं पत्र कसं लिहायचं ते आपोआप कळतं. म्हणून हे एकच प्रकरण सविस्तर सांगतो. कारखाना आणि फौंड्रीची नावं सांगत नाही, त्यांची इथे गरजही नाही.

आधी व्यवहार समजून घेऊ. पंपाच्या केसिंगची ४०० कास्टिंग, एका नगाचा दर १,८४० रुपये, जीएसटी १८ टक्के वेगळा. माल आमच्या गेटवर पोहोच, शेवटची तारीख १० जून २०२४. माल तीन खेपांत आला. ८ जूनला १५० नग आले, ते वेळेत. १९ जूनला १५० आले. उरलेले १०० नग १२ जुलैला आले.

पर्चेस ऑर्डरच्या मागच्या बाजूला अट क्रमांक ९ होती. तिचा मजकूर असा:

"ठरलेल्या तारखेनंतर आलेल्या मालाच्या मूळ किमतीवर, कर वगळून, दर आठवड्यास किंवा आठवड्याच्या भागास ०.५ टक्के दराने, कमाल ५ टक्क्यांपर्यंत, ठरीव भरपाई आकारली जाईल. खरेदीदाराच्या बाजूने झालेला विलंब यातून वगळला जाईल. ही रक्कम या ऑर्डरच्या कोणत्याही देय बिलातून वळती करण्याचा हक्क खरेदीदारास राहील."

बोलताना आपण सगळे 'पेनल्टी मारली' म्हणतो. ऑर्डरमध्ये मात्र 'ठरीव भरपाई' असं लिहिलेलं असतं, इंग्रजी कागदांवर त्यालाच लिक्विडेटेड डॅमेजेस किंवा एलडी म्हणतात. शब्द वेगळे आहेत त्याला कारण आहे, ते पुढे येईल. आधी ही अट शब्दाशब्दाने वाचू, कारण पहिल्या पत्रातल्या बहुतेक चुका ती अट न वाचता फक्त आठवणीतून लिहिल्यामुळे झाल्या होत्या.

'कर वगळून'. बाईंनी ८,६८,४८० वर टक्के काढले होते. त्यात १,३२,४८० रुपये जीएसटी होता. तो पैसा फौंड्रीचा नाहीच, त्यांच्या हातून सरकारात जाणारा आहे. त्याच्यावर भरपाई कशी घेणार? करावेगळी किंमत ७,३६,०००. त्याचे अडीच टक्के १८,४००. इथेच तीन हजार तीनशे बारा रुपये गेले.

'ठरलेल्या तारखेनंतर आलेल्या मालाच्या'. पूर्ण ऑर्डरच्या नव्हे. पहिले १५० नग दोन दिवस आधीच आले होते, त्यांच्यावर एक रुपयाही लागत नाही. दुसरे १५० नग ९ दिवस उशिरा आले, म्हणून त्यांना ३२ दिवसांचा हिशोब लावता येत नाही. प्रत्येक खेपेला तिचा स्वतःचा उशीर. काही कंपन्यांच्या ऑर्डरमध्ये 'पूर्ण ऑर्डरच्या किमतीवर' असंही लिहिलेलं असतं. एखादं मशीन असं असतं की एक भाग अडला तर बाकीचे नुसते पडून राहतात, तिथे ते समजू शकतं. आमच्या अटीत तसं नव्हतं. ८ जूनच्या केसिंगवर तर आम्ही मशिनिंग करून पंपही जोडले होते.

'आठवड्याच्या भागास'. दिवस मोजताना १० जून हा फौंड्रीचा शेवटचा हक्काचा दिवस, म्हणून ११ जून हा उशिराचा पहिला दिवस. १९ जून नववा. नऊ दिवस म्हणजे एक आठवडा आणि दोन दिवस, पण भागही पूर्ण धरायचा असल्यामुळे दोन आठवडे, म्हणजे १ टक्का. १२ जुलै बत्तिसावा दिवस. चार आठवडे आणि चार दिवस, म्हणून पाच आठवडे, अडीच टक्के. ऑर्डरमध्ये 'पूर्ण आठवड्यास' लिहिलं असतं तर हेच एक आणि चार आठवडे झाले असते. एका शब्दावर असा फरक पडतो, म्हणून पत्रात अट आपल्या शब्दांत सांगू नये, जशीच्या तशी उतरवावी.

आता हिशोब असा झाला: दुसऱ्या खेपेचे २,७६,००० चा एक टक्का २,७६० आणि तिसऱ्या खेपेचे १,८४,००० चे अडीच टक्के ४,६००. एकूण ७,३६०. एकवीस हजारांचे सात हजार झाले, आणि अजून फौंड्रीची बाजू आम्ही ऐकलेलीही नव्हती.

मी बाईंना म्हटलं, पत्र पाठवायच्या आधी मालकांना फोन लावा. बाईंना वाटलं, फोन केला तर मालक गयावया करतील आणि साहेब विरघळतील. पण फोनचा हेतू वेगळा होता. आपल्या कागदात काय नाही, ते समोरच्याकडूनच कळतं. आणि कळलं.

"अहो, कोअर बॉक्स तुमच्याकडंच पडला हुता की पाच दिवस!" मालक म्हणाले. "बॉक्स नसताना कोअर काय हातानं वळायच्या व्हय? त्या पाच दिवसांची पेनल्टी मी भरायची?"

खरं होतं. केसिंग आतून पोकळ असते. ती पोकळी धरायला वाळूचा कोअर लागतो आणि तो कोअर ज्या साच्यात बनतो तो कोअर बॉक्स. पॅटर्न आणि कोअर बॉक्स आमच्या मालकीचे होते, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तसंच असतं. बॉक्स झिजल्यामुळे भिंतीची जाडी कमी-जास्त येत होती, म्हणून आम्हीच तो आमच्या पॅटर्नवाल्याकडून दुरुस्त करायला मागवला होता. ३ जूनला तो फौंड्रीतून निघाला आणि ८ जूनला परत गेला. पहिले १५० नग घेऊन आलेल्या टेम्पोतूनच परत गेला, म्हणून खरेदी विभागात त्याची नोंदच नव्हती. स्टोअरच्या रिटर्नेबल चलनाच्या पुस्तकात मात्र दोन्ही तारखा होत्या.

हे पाच दिवस आमच्या खात्यावर. अट ९ मधलं 'खरेदीदाराच्या बाजूने झालेला विलंब वगळला जाईल' हे वाक्य त्यासाठीच आहे, आणि ते वाक्य नसतं तरी स्वतः अडवलेल्या दिवसांची भरपाई मागणं कुठल्याही वादात टिकत नाही. हे दिवस वजा करण्याची सोपी रीत अशी की शेवटची तारीखच पुढे न्यायची. १० जूनऐवजी १५ जून. मग १९ जूनची खेप चार दिवस उशिरा ठरते, म्हणजे एक आठवडा. १२ जुलैची खेप सत्तावीस दिवस उशिरा, म्हणजे चार आठवडे.

इथे आणखी एक गोष्ट उघडी पडली, जी आधी दिसत नव्हती. बाईंनी १२ जुलै नव्हे, १५ जुलै ही तारीख धरली होती. कारण संगणकात जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, त्या दिवशीची होती. माल गेटमधून शुक्रवारी आत आला, तपासणी होऊन जीआरएन निघाला सोमवारी. आधीच्या मोजणीत काही बिघडत नव्हतं. ३२ दिवस काय आणि ३५ काय, पाच आठवडेच. पण पाच दिवस वजा केल्यावर १५ जुलैने ३० दिवस होतात, म्हणजे पाच आठवडे, आणि १२ जुलैने २७, म्हणजे चार. तीन दिवसांत ९२० रुपये.

आमच्या तपासणीला लागलेला शनिवार-रविवार फौंड्रीच्या नावावर टाकायचा का? ऑर्डर 'गेटवर पोहोच' होती. माल गेटवर पोहोचला की त्यांचं काम झालं. म्हणून गेट इनवर्ड रजिस्टरची तारीख खरी. उलट, ऑर्डर 'त्यांच्या कारखान्यातून उचल' अशी असेल तर माल तयार असल्याचं त्यांनी कळवलं ती तारीख धरायची, आणि मग आपण टेम्पो पाठवायला आठ दिवस लावले तर ते आठ दिवस आपले. ऑर्डरमध्ये पोहोच कुठे लिहिली आहे ते बघितल्याशिवाय तारीख ठरवूच नये. एक बाजू मात्र फौंड्रीच्या विरुद्ध जाते, तीही सांगतो: तपासणीत नग नामंजूर झाले तर ते 'आलेला माल' धरले जात नाहीत. त्यांच्या बदल्यात चांगले नग येईपर्यंत त्या नगांचा उशीर चालूच राहतो, पण तेवढ्याच नगांचा.

मालकांनी दुसरंही कारण सांगितलं होतं, पावसाचं. आपल्या भागात हे कारण हलकं घेऊन चालत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर आलं होतं आणि वाहतूक बंद पडली होती. अशा दिवसांत शिरगावहून शिरोलीला माल येणारच नाही, आणि नैसर्गिक आपत्तीची अट असेल तर ते दिवस वगळावेच लागतात. पण दोन गोष्टी लागतात: अडथळा नेमका त्या मुदतीत आलेला असावा, आणि पुरवठादाराने तेव्हाच लेखी कळवलेलं असावं. इथे जूनच्या पंधरा तारखेपर्यंत रस्ता उघडाच होता आणि त्यांचं एकही पत्र नव्हतं. हा मुद्दा आम्ही धरला नाही, आणि का धरला नाही ते पत्रात लिहिलं.

म्हणजे अंतिम हिशोब: २,७६,००० चा अर्धा टक्का १,३८०, आणि १,८४,००० चे दोन टक्के ३,६८०. एकूण ५,०६०.

आता कायद्याचा भाग. तो फार नाही, पण त्यातली एक गोष्ट अशी आहे की ती चुकली तर हा सगळा हिशोब वाया जातो, आणि ती चुकलेली मी अनेकदा पाहिली आहे.

भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ५५ म्हणतं की वेळ महत्त्वाची असलेल्या करारात समोरच्याने उशीर केला आणि तुम्ही ते उशिराचं काम स्वीकारलंत, तर उशिराबद्दल भरपाई नंतर मागता येत नाही. स्वीकारतानाच 'मी भरपाई मागणार आहे' अशी सूचना दिलेली असेल तरच मागता येते. 'स्वीकारतानाच' हा शब्द लक्षात ठेवा. बिलाच्या वेळी नव्हे, दीड महिन्याने नव्हे. उशिराचा टेम्पो गेटवर उभा आहे, तेव्हा.

रोजच्या धावपळीत हे कोण करणार? माल हवा असतो, जोडणीवाले खोळंबलेले असतात, स्टोअरवाला चलनावर सही करतो आणि टेम्पो सोडतो. या कारखान्यात एक चांगली सवय होती. स्टोअरमध्ये एक रबरी शिक्का होता: 'मुदतीनंतर आलेला माल. ऑर्डरमधील अट ९ चा हक्क राखून स्वीकारला.' १९ जून आणि १२ जुलै, दोन्ही चलनांच्या दोन्ही प्रतींवर तो शिक्का होता, आणि एक प्रत टेम्पोवाल्याबरोबर फौंड्रीकडे गेली होती. पन्नास-शंभर रुपयांच्या त्या शिक्क्याने आमचं पत्र उभं राहिलं. शिक्का नसेल तर त्याच दिवशी एका ओळीचा ई-मेल करा, पण करा. आणि उशीर चालू असताना 'काय हरकत नाही, महिनाअखेरीस द्या' असं व्हॉट्सॲपवर लिहू नका. ती मुदतवाढ ठरू शकते, आणि मग तुमचा शिक्काही तुमच्या मदतीला येणार नाही. मुदत वाढवायचीच असेल तर 'अट ९ चा हक्क राखून' हे चार शब्द तिथेही हवेत.

दुसरं कलम ७४. करारात ठरीव रक्कम लिहिलेली असली तरी ती सरसकट मिळते असं नाही. ती कमाल मर्यादा असते आणि तिच्या आत जी वाजवी असेल तेवढी भरपाई मिळते. नुकसान मोजणं अवघड असेल आणि ठरवलेली रक्कम आधी केलेला प्रामाणिक अंदाज असेल, तर न्यायालयं ती मान्य करतात. पण नुकसान मुळात झालंच नसेल तर भरपाईही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे. म्हणूनच 'दंड' हा शब्द कागदावर नको. दंड शिक्षा म्हणून असतो, आणि खाजगी करारात एकमेकांना शिक्षा करण्याचा अधिकार कुणाला नाही. भरपाई नुकसानीची असते, म्हणून पत्रात नुकसानीचं एक खरं वाक्य हवं.

आमचं नुकसान काय झालं? शेवटचे १०० पंप अडल्यामुळे ते ग्राहकाकडे वेगळ्या दोन गाड्या करून पाठवावे लागले, भाडं ६,५०० रुपये. बाईंनी लगेच विचारलं, "मग सर, साडेसहा हजार आणि वर हे पाच हजार, दोन्ही कापू?" नाही. ठरीव भरपाई एकदा लिहिली की ती दोन्ही बाजूंना बांधते. नुकसान जास्त झालं तरी ५,०६० च. साडेसहा हजारांच्या पावत्या फक्त एवढ्यासाठी की ५,०६० ही रक्कम वाजवी आहे हे दिसावं.

जीएसटीचा गोंधळ इथे हमखास होतो. संगणकातून डेबिट नोट काढली की ती आपोआप १८ टक्के लावते, म्हणजे ५,०६० वर आणखी ९१० रुपये ८० पैसे. ते चूक आहे. ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रक क्रमांक १७८ मध्ये केंद्राने स्पष्ट केलं की करार मोडल्याबद्दलची ठरीव भरपाई ही कुठल्या सेवेचा मोबदला नसते, ती फक्त नुकसान भरून काढण्यासाठीची रक्कम असते, म्हणून तिच्यावर जीएसटी लागत नाही. तसंच मालाची किंमत कमी झालेली नसते. केसिंगचा दर १,८४० च राहिला. म्हणून फौंड्रीने बिल बदलायचं नाही, कर कमी करणारी क्रेडिट नोट द्यायची नाही, पूर्ण कर भरायचा. आणि आपण पूर्ण कराचं क्रेडिट घ्यायचं. कपात फक्त पैसे देताना.

शेवटची काळजी उरलेल्या पैशांची. ती फौंड्री उद्यम नोंदणी असलेला लघु उद्योग होती. अशा पुरवठादाराला, करारात कितीही दिवस लिहिले असले तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. लेखी करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. पाच हजारांच्या वादासाठी सव्वादोन लाखांचं बिल 'होल्ड'वर टाकणारे लोक मी पाहिले आहेत. पुरवठादार अशा उद्योगांचे थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या एमएसएमई परिषदेत गेला की व्याजच भरपाईपेक्षा मोठं होऊन बसतं. म्हणून वादाची रक्कम तेवढीच थांबवायची आणि बाकीचे पैसे वेळेत सोडायचे.

हे सगळं एका पानात बसवून जे पत्र गेलं ते असं होतं:

दिनांक २२ जुलै २०२४
विषय: मुदतीनंतर आलेल्या केसिंग कास्टिंगबाबत अट क्रमांक ९ नुसार ठरीव भरपाईची वजावट

सप्रेम नमस्कार,

आपण स्वीकारलेल्या पर्चेस ऑर्डरनुसार ४०० नग आमच्या गेटवर १० जून २०२४ पर्यंत पोहोचणे अपेक्षित होते. आमच्या मालकीचा कोअर बॉक्स दुरुस्तीसाठी ३ जून ते ८ जून आमच्याकडे होता. ते पाच दिवस आम्ही आमच्या बाजूचा विलंब धरून मुदत १५ जून २०२४ मानली आहे.

अट क्रमांक ९ पुढीलप्रमाणे आहे: (येथे अटीचा पूर्ण मजकूर जसाच्या तसा)

हिशोब, गेट इनवर्ड तारखेनुसार:
८ जून, १५० नग: मुदतीत, भरपाई नाही.
१९ जून, १५० नग, मूळ किंमत रु. २,७६,०००: ४ दिवस, १ आठवडा, ०.५ टक्के, रु. १,३८०.
१२ जुलै, १०० नग, मूळ किंमत रु. १,८४,०००: २७ दिवस, ४ आठवडे, २ टक्के, रु. ३,६८०.
एकूण रु. ५,०६०.

दोन्ही खेपा अट ९ चा हक्क राखून स्वीकारल्याची नोंद आपल्याकडील चलनांवर आहे. फोनवर आपण पावसामुळे झालेल्या अडथळ्याचा उल्लेख केला. मुदतीच्या काळात तसे लेखी कळवलेले नसल्याने व १५ जूनपर्यंत वाहतूक सुरू असल्याने ते दिवस वगळता आलेले नाहीत. उशिरामुळे १०० पंप स्वतंत्र गाड्यांनी पाठवावे लागले, त्याच्या रु. ६,५०० च्या पावत्या माहितीसाठी सोबत आहेत. त्यांची वेगळी मागणी नाही.

तिसऱ्या खेपेचे बिल रु. २,१७,१२० (रु. १,८४,००० अधिक जीएसटी रु. ३३,१२०) आहे. त्यातून रु. ५,०६० वजा करून रु. २,१२,०६० आपल्या खात्यात ५ ऑगस्ट २०२४ रोजी जमा करू. बिल व त्यावरील कर जसाच्या तसा राहील. भरपाईवर जीएसटी आकारलेला नाही.

तारखा किंवा हिशोबात चूक आढळल्यास ३० जुलैपर्यंत लेखी कळवावे, ही विनंती. गेट रजिस्टर व चलनाच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपले विश्वासू

'तारखा किंवा हिशोबात चूक आढळल्यास' हे वाक्य मी मुद्दाम घातलं. कापून घेणाऱ्याच्या हातात पैसा असतो, म्हणून आपला हिशोब तपासू देण्याची जबाबदारी त्याच्यावर जास्त असते असं मी मानतो. पत्र वाचून समोरच्याला स्वतःच्या डिस्पॅच रजिस्टरवरून, कॅल्क्युलेटर घेऊन, तोच आकडा काढता आला पाहिजे. पहिल्या चार ओळींच्या पत्रातून फौंड्रीच्या मालकांना २१,७१२ काढता आला नसता, कारण तो आकडा कुठल्याच कागदावरून निघत नव्हता.

उत्तर २७ जुलैला आलं. मालकांचं म्हणणं एवढंच होतं की दुसरी खेप १८ तारखेला संध्याकाळीच शिरोलीत पोहोचली होती, गेट बंद झालं होतं म्हणून टेम्पो रात्रभर बाहेर उभा राहिला. तीन दिवस धरले काय आणि चार धरले काय, एकच आठवडा होतो. रकमेत फरक पडत नव्हता. तरी आम्ही वॉचमनची वही मागवली. १८ जून, संध्याकाळी सात वीस, टेम्पोचा नंबर बरोबर होता. सुधारित पत्रात चार दिवसांचे तीन दिवस केले, रक्कम तीच ठेवली, आणि ५ ऑगस्टला २,१२,०६० रुपये त्यांच्या खात्यात गेले.

पुढच्या ऑर्डरला मालकांनी सही करायच्या आधी अट ९ मध्ये दोन वाक्यं घालून मागितली: गेट संध्याकाळी किती वाजता बंद होतं ते लिहा, आणि कोअर बॉक्स मागवाल तेव्हा परत कधी देणार ती तारीख चलनावर टाका. दोन्ही घातली.